अडलीस कुठे ते लिही

अगं,

पब्लिक हेल्थच्या मास्टर्सला का जायचंय हे सांगणारा तुझा एसओपी काल रात्री दोनदा वाचला, आज सकाळी परत एकदा वाचला. आधी वाटलं फोनच करावा, पण फोनवर मी चिडतो आणि तू "हो सर, हो सर" करतेस, त्यातून काहीच होत नाही. म्हणून हे लिहितोय.

पहिला पॅरा काढून टाक. लहानपणापासून समाजासाठी काहीतरी करायचं होतं, कोविडने डोळे उघडले, वगैरे. यात खोटं काही नाही, पण वाचणाऱ्याने त्याच दिवशी असे कित्येक पॅरे वाचलेले असतात आणि त्यातून तू कोण हे त्याला काहीच कळत नाही. दुसरा पॅरा म्हणजे तुझे मार्क आणि इंजिनिअरिंगचे विषय, ते ट्रान्सक्रिप्टमध्ये दिसतातच. तिसऱ्यात पब्लिक हेल्थ किती महत्त्वाचं आहे हे तू पब्लिक हेल्थच्या प्रोफेसरला समजावून सांगतेयस. असो.

आणि मग दुसऱ्या पानावर, खालून चौथी ओळ. "लसींच्या फ्रिजसाठी आम्ही तापमान नोंदवणारं यंत्र बनवलं, त्याची अचूकता ९८ टक्के होती, प्रत्यक्ष वापरात युजर कम्प्लायन्सची अडचण आली पण प्रोटोटाइप यशस्वी ठरला." तिथे मी थांबलो. कारण गेल्या वर्षी तूच मला सांगितलं होतंस की आरोग्य केंद्रातल्या नर्सने तुमच्या यंत्राची बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली होती आणि तू ते सांगताना रडकुंडीला आली होतीस. ती बॅटरी कुठे गेली एसओपीमधून? "युजर कम्प्लायन्स" म्हणे!

फील्ड बदलणाऱ्या माणसाला वाचणारा एकच गोष्ट विचारत असतो, तुझ्या जुन्या विद्येने तुझं कुठे अडलं? अडलं नसेल तर तू तिथेच राहा ना, इंजिनिअर म्हणूनही हॉस्पिटलची, लसींची कामं करता येतात, मास्टर्स कशाला पाहिजे. म्हणून म्हणतो, अडलीस कुठे ते लिही. यश सीव्हीत टाक, तिथे त्याला जागा आहे.

आता तुझंच प्रकरण उलगडून बघू, कारण तुला अजून कळलेलं नाहीये की तुझ्या हातात काय आहे.

फ्रिज २ ते ८ अंशांत राहायला हवा. तुम्ही सेन्सर आत हवेत टांगला आणि ८ च्या वर गेलं की लगेच अलार्म. लसीकरणाच्या दिवशी दार सारखं उघडतं, हवा मिनिटभरात गरम होते, पण कुपीतलं औषध इतक्या पटकन गरम होत नाही. म्हणजे यंत्र बोंबलतंय आणि लस मजेत आहे. आणि तुझे ते ९८ टक्के, ते जरा कागदावर मांड. धर की दर तासाला एक नोंद, अशा १००० नोंदी, त्यातल्या खरोखर गडबडीच्या फक्त १०. गडबड असताना यंत्र ९८ टक्के वेळा वाजतं आणि सगळं ठीक असताना ९८ टक्के वेळा गप्प बसतं असं मानू. तर १० खऱ्या गडबडींवर ते जवळपास १० वेळा वाजलं, आणि उरलेल्या ९९० ठीकठाक नोंदींवर २ टक्क्यांनी सुमारे २० वेळा उगाच वाजलं. एकूण ३० अलार्म, त्यातले २० खोटे. आता सांग, नर्सचं काय चुकलं? ज्या यंत्राच्या तीन हाकांपैकी दोन खोट्या, त्याची बॅटरी मीही काढली असती.

हाच हिशोब एपिडेमिऑलॉजीत स्क्रीनिंग टेस्ट शिकवताना पहिल्यांदा घालतात. आजार दुर्मीळ असला की चांगली टेस्टसुद्धा बहुतेक वेळा उगाच घाबरवते. म्हणजे तू त्या विषयाच्या दारात आधीच उभी आहेस, फक्त तुला दाराचं नाव माहीत नव्हतं. हे एसओपीत आलं की इंजिनिअर पब्लिक हेल्थकडे का वळली हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण इथे थांबू नकोस, कारण इथपर्यंतचं तर इंजिनिअरिंगनेही सुटतं. सेन्सर ग्लायकॉलच्या छोट्या बाटलीत बुडव, म्हणजे तो हवेऐवजी कुपीसारखा हळू गरम होईल. अलार्मला उशीर लाव. लसींच्या फ्रिजसाठी जे तयार रेकॉर्डर मिळतात त्यात साधारण असंच असतं, ८ च्या वर सलग १० तास राहिलं तर वाजायचं, आणि उणे ०.५ च्या खाली ६० मिनिटं राहिलं तर वाजायचं. थंडीला इतकी कमी सवलत का, हे तुला माहीत असायला हवं: धनुर्वात, हिपॅटायटिस बी यांसारख्या ॲल्युमिनियम घातलेल्या लसी गोठल्या की बिघडतात आणि परत वितळवून सुधारत नाहीत. आणि कुपीवरचा तो रंग बदलणारा चौकोन फक्त उष्णता दाखवतो, गोठल्याचं त्याच्यावर काही उमटत नाही. बॅटरी ड्रॉवरमध्ये असताना एखाद्या रात्री फ्रिज गोठला असेल तर सकाळी कुपी बघून कुणालाच काही कळलं नसतं.

मग अडलं कुठे? समजा खोटे अलार्म शून्यावर आले. खरा अलार्म रात्री दोनला वाजला. कोण ऐकणार? सकाळी नर्सला दिसला, तिने लस फेकायची की ठेवायची हे कोण ठरवणार, आणि फेकली तर साठा वाया घालवल्याचा ठपका कुणावर? ठपका तिच्यावर येणार असेल तर तिच्यासाठी अलार्म बंद ठेवणंच शहाणपणाचं आहे, तुझं यंत्र कितीही अचूक असो. आणि समजा लस वापरली गेली, तर किती मुलांना ती मिळाली, त्यांना परत बोलवायचं का, ते कुठल्या रजिस्टरवरून शोधायचं? याला सर्किट नाही गं. तू इथे अडलीस. हे लिही.

तुला वाटेल सर फारच ताणतायत. ताणतोय, कारण पहिल्या खेपेला मी हे केलं नव्हतं. माझ्या वेळी माझ्याकडेही एक प्रोजेक्ट होता, एका वस्तीच्या पाण्याच्या टाकीवर क्लोरीन सोडणारा डोसर. नळाला फ्री क्लोरीन बरोबर ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर यायचं, मी रोज टेस्ट किट घेऊन जायचो, गुलाबी रंग आला की खूश. आणि तिथल्या एका बाईने मला सरळ विचारलं की अहो मग पोरांचे जुलाब का थांबत नाहीत. मी तिच्या घरातल्या हंड्याचं पाणी तपासलं, क्लोरीन शून्य. हंडा उघडा, त्यात पेला बुडवून पाणी काढायचे, हात आत जायचा. माझं काम नळाला संपत होतं आणि आजार हंड्यात सुरू होत होता. आणि मी एसओपीत काय लिहिलं? "वस्तीला यशस्वीरीत्या शुद्ध पाणी पुरवलं." इंटरव्ह्यूत एकाने शांतपणे विचारलं, जुलाब किती कमी झाले? मी म्हटलं, मोजले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. हंड्याची गोष्ट माझ्या खिशात होती, मी ती बाहेरच काढली नाही, लाज वाटली म्हणून. तेवीस वर्षांचा होतो, सगळे यशच लिहायचे, सीनियरनेही तेच सांगितलं होतं, मग मीच काय वेगळा... जाऊ दे. पुढच्या वर्षी हंडा लिहिला आणि झालं. हंड्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, माझे एक सहकारी म्हणतात की दुसऱ्या वर्षी स्पर्धा कमी होती. म्हणू देत.

ते असंही म्हणतात की कमकुवत बाजू स्वतःहून दाखवू नये. मला हे कधीच पटलं नाही. रडगाणं आणि अडणं यात फरक आहे. "नर्सने सहकार्य केलं नाही" हे रडगाणं. "नर्सने बॅटरी काढली, आणि तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की तिच्या जागी मीही काढली असती, पण त्यानंतर काय करायचं हे मला माहीत नव्हतं" हे अडणं. दुसरं वाक्य लिहिताना थोडं मनाला लागतं, पण तुला ते जमेल, कारण ते खरं आहे.

एकदा हे लिहिलंस की बाकीचं आपोआप जागेवर येतं बघ. कोणता कोर्स का, हे तू आत्ता युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवरून उचललंयस, "जागतिक दर्जाची फॅकल्टी" वगैरे, ते नुसतं नाव बदलून कुणालाही पाठवता येईल. त्याऐवजी तुझ्या अडण्याला जोडून सांग. किती मुलांना बिघडलेली लस गेली हे काढायला एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅट लागेल. नर्सने फेकायचं की ठेवायचं हे कोण ठरवतं हे समजायला हेल्थ पॉलिसी आणि मॅनेजमेंट. मग त्या डिपार्टमेंटमध्ये लसीकरणावर किंवा हेल्थ सिस्टिमवर खरंच कोण काम करतंय ते शोध, त्यांचा एखादा पेपर खरंच वाच, आणि त्यातलं काय तुला उपयोगी पडेल ते दोन ओळींत लिही. असं कुणीच सापडलं नाही तर ती युनिव्हर्सिटी यादीतून काढ, फी वाचेल.

कोडिंग येतं, गणित येतं, हे एका वाक्यात, शेवटाकडे. "इंजिनिअरिंगच्या दृष्टिकोनातून आरोग्यव्यवस्थेचे प्रश्न सोडवीन" हे वाक्य मात्र कुठेही नको. बॅटरीच्या गोष्टीनंतर ते फार विनोदी वाटेल.

शब्दमर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, ती पाळच. पण आधी मर्यादा विसरून फक्त बॅटरीचा प्रसंग लिही, मराठीत लिही, जसा मला सांगितला होतास तसा. ड्रॉवर कुठला होता, ती काय म्हणाली, तू काय म्हणालीस. इंग्रजी नंतर बघू.

आणि तिचा नंबर अजून असेल तर तिला फोन कर. बॅटरी नक्की कोणत्या दिवशी काढली आणि त्या दिवशी काय झालं होतं एवढं विचार. मला वाटतं तू हे तिला कधी विचारलंच नाहीस. रविवारपर्यंत पाठव.