इंटिग्रेटरच्या कपॅसिटरवर रेझिस्टर लावला तर ट्रँगल वाकडं काहून येते?

प्रश्न: दादा, ७४१ चा इंटिग्रेटर लावला, इनपुटले १० के, फीडबॅकमधी ०.१ मायक्रोचा कपॅसिटर, सप्लाय प्लस मायनस १२. आउटपुट एका बाजूले जाऊन चिपकून बसते. सरांनी कपॅसिटरले पॅरलल १०० के लावायले सांगितलं, तर १ किलोहर्ट्झले ट्रँगल मस्त आलं, पण ५० हर्ट्झले वाकडं येते न १० हर्ट्झले तर चौकोनीच दिसते. १ मेग लावू का?

उत्तर:

भाऊ, तुझं सर्किट बरोबर चाललं आहे, त्या १०० के मधून किती करंट जाते तेवढं पाहिलं की तिन्ही गोष्टी एकदम समजतात.

पहिले चिपकण्याचं पाहू. ७४१ चा ऑफसेट साधारण २ मिलिव्होल्ट धर, खराब पीस असला तर ६ पर्यंतही जाते. इनपुट ग्राउंडले असलं तरी हा ऑफसेट तुझ्या १० के मधून बारीकसा करंट पाठवतेच, न तो करंट कपॅसिटरमधी साचत राहते. १० के गुणिले ०.१ मायक्रो म्हणजे १ मिलिसेकंद, म्हणून २ मिलिव्होल्टनं आउटपुट दर सेकंदाले २ व्होल्ट सरकते. त्यात बायस करंट ८० नॅनोअँपिअरच्या आसपास, त्याचा आणखी पाऊण एक व्होल्ट, तो कधी ऑफसेटच्या बाजूनं तर कधी उलट. म्हणजे काही सेकंदात आउटपुट सप्लायच्या जवळ जाऊन बसणार. न जनरेटरचा डीसी ऑफसेट नॉब थोडा जरी सरकलेला असला, समज ५० मिलिव्होल्ट, तर अर्धा सेकंदही नाई लागत. पुष्कळ पोरं ७४१ बदलत बसतात न चूक त्या नॉबची असते.

आता १०० के नं काय केलं? त्याच्या एका टोकाले आउटपुट आहे न दुसऱ्या टोकाले व्हर्च्युअल ग्राउंड, म्हणून आउटपुट जेवढं वर जाईल तेवढा त्यातून करंट जास्त निघून जाते. शेततळ्यात पाणी चढलं की पाझरही वाढते न एका पातळीले येणारं पाणी न पाझरणारं पाणी सारखं होऊन जाते, तसंच हे. इनपुटले सतत १ व्होल्ट दिला तर १० के मधून ०.१ मिलिअँपिअर येते. तेवढाच करंट १०० के मधून जायले आउटपुटले १० व्होल्टवर यावं लागते, न तिथं आलं की कपॅसिटरले काहीच उरत नाई म्हणून आउटपुट तिथंच थांबते. डीसीवर गेन १० वर अडकतो तो असा, दोन रेझिस्टरच्या भागाकारानं, त्यात कपॅसिटरचा काही संबंध नाई.

```
A0 = Rf / R1 = 100k / 10k = 10   (उलट्या चिन्हाने)
fL = 1 / (2*pi*Rf*C) = 1 / (6.28 * 100k * 0.1u) = 15.9 Hz
```

१५.९ हर्ट्झ हा खालचा कॉर्नर. इथं कपॅसिटरचा रिॲक्टन्स न १०० के सारखे होतात, म्हणून गेन १० चा ७ वर येते. याच्या खाली सर्किट नुसता १० गेनचा इन्व्हर्टिंग अँप्लिफायर आहे, याच्या बरंच वर खरा इंटिग्रेटर. मधी मात्र दोन्हीची खिचडी.

आता तुझे तिन्ही वेव्ह याच करंटनं मोज, इनपुट प्लस मायनस १ व्होल्टचा स्क्वेअर धरून. १ किलोहर्ट्झले अर्धा सायकल अर्धा मिलिसेकंद, आउटपुट शून्याच्या वरखाली पाव पाव व्होल्ट. पाव व्होल्टले १०० के मधून २.५ मायक्रोअँपिअर जाते, न इनपुटचा करंट आहे १००. म्हणजे उतार सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोजून ५ टक्के बदलते, स्कोपवर ते डोळ्याले दिसतच नाई.

५० हर्ट्झले अर्धा सायकल १० मिलिसेकंद, न १०० के गुणिले ०.१ मायक्रो हेही १० मिलिसेकंदच. इथं आउटपुट ४.६ व्होल्टपर्यंत जाते. इनपुट पलटला त्या क्षणी १०० के चे ४६ मायक्रोअँपिअर इनपुटच्या १०० ले मदत करतात, कपॅसिटरले १४६ भेटतात. पण शेवटी शेवटी तेच ४६ विरोधात, म्हणून ५४ च उरतात. उतार सुरुवातीले शेवटच्या पावणेतीन पट, तर रेघ वाकडी दिसणारच ना. १० हर्ट्झले अर्धा सायकल ५० मिलिसेकंद, तेवढ्या वेळात आउटपुट १० व्होल्टच्या अगदी जवळ जाऊन सपाट होऊन जाते, तेच तुले चौकोनी दिसलं.

म्हणून कॉर्नरच्या दहा पट वर काम करावं म्हणतात. तुझ्या सर्किटले ते १५९ हर्ट्झ, न योगायोग नाई, तिथंच इंटिग्रेटरचा गेन १ असते, कारण डीसी गेन तू १० च ठेवला आहे.

१ मेग लावला तर कॉर्नर १.५९ हर्ट्झ होईल. ५० हर्ट्झले आउटपुट ५ व्होल्टपर्यंत, मेगमधून ५ मायक्रोअँपिअर, उतारात १० टक्के फरक, म्हणजे ट्रँगल बरंच सरळ. पण डीसी गेन १०० झाला हे ध्यानात ठेव. ७४१ चा २ मिलिव्होल्टचा ऑफसेट आता आउटपुटले २०० मिलिव्होल्ट, बायस करंटचे आणखी ८०, न जनरेटरचे २० मिलिव्होल्ट जरी असले तरी पूर्ण २ व्होल्ट. ट्रँगल एका बाजूले सरकून टोक कापलं जाऊ शकते. १० हर्ट्झले तर १ व्होल्ट इनपुटवर क्लिप होईलच, तिथं इनपुट ०.३ व्होल्ट कर, न तरी रेघ थोडी वाकेलच.

दुसरा रस्ता, १०० के तसाच ठेव न कपॅसिटर १ मायक्रोचा लाव. कॉर्नर तोच १.५९ हर्ट्झ, डीसी गेन मात्र १० च. पण सिग्नलही दहा पट लहान होते, ५ व्होल्टऐवजी अर्धा व्होल्ट. सिग्नलच्या मानानं ऑफसेट पाहिला तर दोन्हीकडे जवळपास सारखाच पडते, कारण सरळपणा न ऑफसेट दोन्ही फीडबॅकच्या रेझिस्टर गुणिले कपॅसिटरवर बसले आहेत, एक सुधरला की दुसरा बिघडणार. फायदा एवढाच की आउटपुट सप्लायपासून दूर राहते, क्लिपची भीती नाई. बर्डीवर घ्यायले गेला तर फिल्मवाला कपॅसिटर माग, इलेक्ट्रोलायटिक इथं चालत नाई, आउटपुट दोन्ही बाजूले जाते.

मी तुझ्या जागी असतो तर १ मेगच लावला असता पण ऑफसेट मारून. प्लस पिन सरळ ग्राउंडले न देता १० के मधून दे, बायस करंटचा मोठा हिस्सा कटतो. मग पिन १ न ५ मधी १० के चा प्रीसेट, त्याचा मधला पाय पिन ४ ले म्हणजे मायनस सप्लायले. जनरेटर काढून १० के चं इनपुटचं टोक ग्राउंडले लाव न मल्टिमीटरच्या डीसीवर आउटपुट शून्याजवळ येईपर्यंत प्रीसेट हळूहळू फिरव, आउटपुट बसायले अर्धा सेकंद लागते तर दर वेळी थोडं थांब. नंतर जनरेटर जोड. आता परत आउटपुट सरकलं तर तो जनरेटरचाच डीसी आहे, त्याचा नॉब फिरव, प्रीसेटले हात लावू नको.

न जनरेटरचा डीसी अडवायले सिरीजमधी कपॅसिटर टाकायचा असला तर मेग काढू नको, नाईतर बायस करंटले जायले रस्ताच नाई राहत न आउटपुट पुन्हा चिपकते.