चेकवर एक कोड, स्टेटमेंटवर दुसरा: १६ लाख पाठवताना कुठला धरायचा?

प्रश्न: बडोद्यात फ्लॅट घेतोय. विकणाऱ्या काकांना १६ लाख आरटीजीएस करायचे आहेत. त्यांनी जुना देना बँकेचा कॅन्सल केलेला चेक दिला आणि नंतर बँक ऑफ बडोदाच्या स्टेटमेंटची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली. दोन्हींवर आयएफएससी वेगळा, खालचा नऊ आकडी नंबरही वेगळा. नेमका कुठला टाकू?

उत्तर:

स्टेटमेंटवरचा. पण ती पीडीएफ खरी आहे याची खात्री झाल्यावर, आणि खाते क्रमांकसुद्धा स्टेटमेंटवरचाच घेऊन. चेकवरचा नव्हे. मी बँकेत क्लिअरिंगच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

तुमच्याकडचे दोन कागद शेजारी ठेवले तर साधारण असे दिसतील (शाखेचे आकडे झाकले आहेत):

```
चेक        IFSC BKDN0XXXXXX   MICR 390018XXX
स्टेटमेंट   IFSC BARB0DBXXXX   MICR 390012XXX
```

आधी आयएफएससी वाचू. एकूण अकरा खुणा. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवी खूण कायम शून्य, उरलेल्या सहा शाखेच्या. `BKDN` म्हणजे देना बँक, `BARB` म्हणजे बँक ऑफ बडोदा. देना आणि विजया या दोन्ही बँका १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि त्यांचे जुने आयएफएससी १ मार्च २०२१ पासून बंद झाले. देनाकडून आलेल्या शाखांना नव्या कोडमध्ये शून्यानंतर `DB` मिळालं, विजयाकडून आलेल्यांना `VJ`. तेव्हा तुमच्या स्टेटमेंटवर शून्यानंतर `DB` असेल, तर चेकवरची देना बँक आणि स्टेटमेंटवरची बडोदा बँक यांची सांगड बसते. काका तेच, खातंही बहुधा तेच, फक्त पाटी बदलली.

आता नऊ आकडी नंबर, म्हणजे एमआयसीआर. पहिले तीन आकडे शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. शहराचे तीन आकडे बहुतेक ठिकाणी पिनकोडच्या पहिल्या तिनांशी जुळतात: बडोद्याला 390, इंदूरला 452. बँकेच्या जागी 018 ही देना, 012 ही बडोदा. म्हणजे दोन्ही कागदांवर शहर एकच आणि बँकेचा आकडा विलीनीकरणाला साजेसा बदललेला. हिशोब जमतो. स्टेटमेंटवर शाखा बडोद्याची छापलेली आणि एमआयसीआर मात्र 452 ने सुरू होणारा, असं काही दिसलं असतं तर मी तुम्हाला तिथेच थांबवलं असतं.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या. एमआयसीआर हा चेक वटवण्यासाठी आहे. आरटीजीएसच्या फॉर्मवर तो कोणी विचारत नाही. तरी मी तो नेहमी वाचतो, कारण आयएफएससीसाठी तो दुसरा साक्षीदार आहे. बनावट कागद करणारा माणूस वरचा कोड काळजीने बदलतो, पण चेकच्या खालच्या पांढऱ्या पट्टीतले आकडे बदलायचे त्याला बरेचदा सुचत नाही. त्या पट्टीत आधी सहा आकडी चेक नंबर, मग हे नऊ आकडे, मग खात्याशी संबंधित सहा आकडे आणि शेवटी दोन आकड्यांचा व्यवहाराचा कोड असतो. वाचायचे फक्त नऊ.

दोन साक्षीदारांची जबानी जुळली नाही म्हणजे लबाडीच, असं मात्र नाही. छोट्या सहकारी बँकांमध्ये एमआयसीआर त्यांचा स्वतःचा असतो, पण काहींचा आयएफएससी मोठ्या बँकेचा असतो, कारण त्या बँका आरटीजीएसमध्ये त्या मोठ्या बँकेच्या आडून भाग घेतात. काकांचं खातं अशा सहकारी बँकेत असतं, तर `HDFC0C` सारखी सुरुवात पाहून तुम्ही उगाच धास्तावला असता. तशा वेळी त्या सहकारी बँकेच्या शाखेत विचारून घेणं हाच मार्ग. आणखी एक निरुपद्रवी तफावत: माणूस इंदूरहून बडोद्याला आला, खातं इकडच्या शाखेत हलवलं, खाते क्रमांक तोच राहिला आणि हातात जुनं चेकबुक. तिथे चेकवर जुन्या शाखेचा कोड आणि पासबुकात नव्या शाखेचा दिसतो.

आता मूळ मुद्दा. लोक कोडवर जितके डोळे ताणतात त्याच्या निम्मेही खाते क्रमांकावर ताणत नाहीत. खरं तर उलट करायला हवं.

कोड चुकला तर काय होतं बघा. चेकवरचा `BKDN0...` टाकलात, तर लाभार्थी जोडतानाच तुमची बँक ‘चुकीचा आयएफएससी’ म्हणून अडवेल. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ टाकलात तरी तेच. बँक ऑफ बडोदाच्या कोडांत ही चूक फार होते, कारण शून्यानंतर आकडे न येता बहुधा शाखेच्या नावावरून घेतलेली अक्षरंच येतात, आणि अक्षरांच्या रांगेत शून्य हमखास ओसारखा वाचला जातो. त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेचा कोड पडला, तर कोअर बँकिंगमुळे पैसे खाते क्रमांकावरून योग्य खात्यात जमा होतात किंवा परत येतात. आरटीजीएसमध्ये समोरच्या बँकेला खातं सापडलं नाही, तर तिने पैसे एका तासात किंवा आरटीजीएसचा त्या दिवसाचा कामकाज-काळ संपण्याआधी परत करायचे असतात. मनस्ताप होतो, पैसे बुडत नाहीत.

खाते क्रमांक चुकला आणि तो त्याच बँकेत कोणा दुसऱ्याचा निघाला, तर मात्र पैसे मुकाट्याने जमा होतात. नाव काहीही टाकलेलं असो. रिझर्व्ह बँकेने २०१० पासूनच सांगून ठेवलंय की असे पैसे जमा करताना फक्त खाते क्रमांक धरला जाईल, आणि तो बरोबर देणं ही पाठवणाऱ्याची जबाबदारी. शिवाय आरटीजीएसचा व्यवहार एकदा पुरा झाला की तो अंतिम. ज्याच्या खात्यात गेले त्याच्या संमतीशिवाय बँक ते ओढून परत आणत नाही. पत्त्यावरची गल्ली चुकली तर पाकीट परत येतं. घर नंबर चुकला तर ते शेजाऱ्याच्या हातात पडतं.

तुमच्या बाबतीत हा धोका खरा आहे, कारण विलीनीकरणात देना बँकेच्या ग्राहकांचे खाते क्रमांकही बदलले. बँक ऑफ बडोदाचा खाते क्रमांक १४ आकडी असतो. स्टेटमेंटवरचे आकडे मोजा. चौदा नसतील तर काहीतरी गडबड आहे. चेकवर जो क्रमांक आहे तो देनाच्या काळातला. कोड नवा आणि क्रमांक जुना अशी खिचडी अजिबात करू नका. चारही गोष्टी एकाच कागदावरून उचला: नाव, खाते क्रमांक, आयएफएससी, शाखा.

आणि तो कागद व्हॉट्सॲपवरची पीडीएफ नको. पीडीएफमधले आकडे बदलणं हा दहा मिनिटांचा खेळ आहे, आणि घराच्या व्यवहारात ऐनवेळी ‘खातं बदललंय, या नव्या खात्यात टाका’ असा निरोप येणं हा तर ठरलेला डाव आहे. काकांना प्रत्यक्ष भेटा. म्हणावं, ‘काका, शाखेतून पासबुक भरून आणा, मी समोर बसून नंबर उतरवून घेतो.’ बडोद्यातले आपले लोक अशा गोष्टीचा राग धरत नाहीत, उलट चहा पाजतात. नवीन चेकबुक आलं असेल तर त्यातलं एक पान कॅन्सल करून घ्या, म्हणजे दुसरा साक्षीदारही नवा मिळेल. जुन्या देनाच्या चेकचा आता एवढाच उपयोग, की काकांचं खातं विलीनीकरणाआधीपासूनचं आहे हे कळतं.

आयएफएससी ताडायला रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची यादी वापरा. गुगलवर वर येणाऱ्या कोड-शोधक साइट्सवर बंद झालेल्या शाखा वर्षानुवर्षं तशाच पडून असतात. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये कोड टाकल्यावर बँकेचं आणि शाखेचं नाव आपोआप येतं, तेही पासबुकाशी जुळवा.

मग नाव. १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी लाभार्थ्याचं नाव आधी पाहण्याची सोय बँकांनी द्यायची आहे, तीही फुकट. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की समोरच्या बँकेच्या नोंदीतलं नाव दिसतं. नेट बँकिंग, मोबाइल, शाखेचा काउंटर, सगळीकडे. तुम्ही टाइप केलेलं नाव आणि बँकेने दाखवलेलं नाव यांत गल्लत करू नका, दुसरं महत्त्वाचं. काकांचं नाव आद्याक्षरांसह आलं, आडनाव आधी आलं, काकूंचं नाव जोडीला आलं, तर विचारून खुलासा होतो. भलत्याच माणसाचं किंवा एखाद्या ट्रेडर्सचं नाव आलं तर पुढे जायचं नाही, काका कितीही म्हणाले ‘ते आपल्या मुलाचं खातं’ तरी. करारनाम्यात विकणारा म्हणून ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात पैसे जायला हवेत.

यानंतर मी आणखी एक करतो: त्याच जोडलेल्या लाभार्थ्याला एनईएफटीने एक रुपया. आरटीजीएसला किमान दोन लाख लागतात, एनईएफटीला किमान रकमेची अट नाही. रुपया पोचल्याचा काकांचा शब्द किंवा एसएमएस धरू नका, पासबुकातली ओळ बघा आणि पाठवणारा म्हणून तुमचं नाव आहे ना ते वाचा. मग सोळा लाख पाठवताना नवा लाभार्थी जोडू नका, तोच निवडा. पुन्हा टाइप करणं म्हणजे पुन्हा चुकण्याची संधी. नवीन लाभार्थ्याला सुरुवातीला कमी मर्यादा असते, तेव्हा दस्ताच्या दिवशी सकाळी हे काम काढू नका, दोन-तीन दिवस आधी उरका.

आरटीजीएस चोवीस तास, बाराही महिने चालतं, पण मी तरी रविवारी रात्री एवढी रक्कम पाठवणार नाही. अडकलं तर शाखेत माणूस हवा.

पैसे गेले की २२ खुणांचा यूटीआर, म्हणजे या व्यवहाराचा ओळख क्रमांक मिळेल. त्याची पहिली चार अक्षरं तुमच्या बँकेची, पुढे `R`, मग एक खूण आणि त्यानंतर तारीख. हा नंबर करारनाम्यात रकमेच्या शेजारी जसाच्या तसा लिहून घ्या, आणि लिहिलेला मोबाइलवरच्या नंबरशी अक्षर-अक्षर ताडून मगच सही करा.