यमकातल्या रामरामाला उत्तर

प्रश्न: नारायण पेठेत मिक्सर-गीझर दुरुस्तीचं दुकान आहे, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज मी बघते. काल एका गिऱ्हाइकानं लिहिलं:

राम राम मंडळींनो, कसा काय आहे थाट?
रुसलाय मिक्सर हा, किती पाहू त्याची वाट?

मी "मॉडेल नंबर पाठवा" एवढंच लिहिलं आणि फारच कोरडं वाटलं. यमकात उत्तर कसं जुळवायचं?

उत्तर: आधी त्या ओळी बोटांवर मोजा. रा-म-रा-म-मं-ड-ळीं-नो, आठ. क-सा-का-य-आ-हे-था-ट, पुन्हा आठ. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणून 'मिक्सर' तीन अक्षरी. आणि 'राम'मधला म अर्धवट उच्चारला तरी पूर्ण मोजायचा. म्हणजे ही सरळ अष्टाक्षरी आहे. लघु-गुरूची भानगड नाही, तुमचे चार तुकडेही आठ-आठ अक्षरांचे झाले की कानाला ते जोडीचं वाटतं.

यमक आहे 'आट'चं. थाट आणि वाट हे दोन शब्द गिऱ्हाइकानं वापरलेत, ते परत घेऊ नका. नक्कल केल्यासारखं दिसतं. त्याच घरातले नवे शब्द कागदावर काढा: पाट, ताट, घाट, लाट, पहाट. 'गाठ' मोहात पाडेल, पण ट आणि ठ ऐकताना अडखळतात. आता या शब्दांतला कुठला त्यांच्या गोष्टीत बसतो ते बघा. गोष्ट रुसव्याची आहे, आणि रुसून बसलेल्याला आपण पाट मांडून जेवायला बोलावतो. पाट सापडला की त्याच्यासमोर ताट आपसूक येतं. खरी गंमत यमकात नसते, त्यांनी टाकलेला 'रुसलाय' हा शब्द तुम्ही झेललात यात असते.

पहिला खर्डा असा होईल:

राम राम, या हो या हो, रुसव्याला मांडू पाट
सांगा काय बिनसलं, उद्या भरू पुन्हा ताट!

अक्षरं बरोबर आहेत, पण 'उद्या' काढा. मिक्सर अजून पाहिलेला नाही. मोटार जळली असेल तर उद्याचा शब्द तुमच्याच गळ्यात पडेल. यमकात दिलेलं वचनही गिऱ्हाईक वचनच धरतं. तिथे 'मग' घाला, अक्षरं तितकीच राहतात: 'मग भरू पुन्हा ताट'. 'बिनसलं' मात्र ठेवाच, ते रुसव्यालाही चालतं आणि यंत्रालाही.

एवढ्या दोन ओळी, बस. एक ओळ मोकळी सोडून लगेच साध्या गद्यात कामाचं लिहा, त्याच मेसेजमध्ये. नुसत्या ओळी पाठवून थांबलात तर चटणी अडलेल्या माणसाला ती टाळाटाळ वाटते. आणि मॉडेल नंबर, भाव, वेळ यांना यमकात कोंबू नका. आकडा चुकीचा वाचला जातो.

गद्य असं:

"स्विच बंद करून प्लग काढा आणि भांडं उतरवा. दहा-पंधरा मिनिटं मिक्सर थंड होऊ द्या. बऱ्याच मिक्सरच्या तळाशी छोटं, बहुतेक लाल बटण असतं. जास्त भार पडला की ते बाहेर येतं. ते आत दाबून रिकाम्या भांड्यावर काही सेकंद चालवून बघा. मोटार फिरते पण पातं फिरत नसेल, तर बहुधा कपलर झिजलाय. जळका वास किंवा धूर आला असेल तर पुन्हा चालवू नका, तसाच घेऊन या. मॉडेल आणि किती जुना आहे तेवढं कळवा."

पुढचा मेसेज त्यांनी साधा लिहिला तर तुम्हीही साधंच लिहा. पुन्हा जुळवलं तर काम झाल्यावर निरोपाची एक ओळ द्या, दर मेसेजला नको.

सगळ्यात मोठी चूक टोमण्याला खेळ समजण्याची होते. समजा ओळी अशा आल्या: 'तीनदा मी फोन केला, कुणी उचलेना बाई'. इथेही आठ-आठ अक्षरं आहेत, पण आत तक्रार आहे. ओळखण्याची खूण म्हणजे मोजलेल्या फेऱ्या, उलटलेली तारीख, दिलेले पैसे. अशा वेळी यमक पूर्ण बाजूला ठेवा: "माफ करा, फोन उचलायला हवा होता. मिक्सरचं काय झालंय?" इथे पुणेरी पाटीची धार काढायचा मोह होईल, तो आवरा.

पाच मिनिटांत जुळलं नाही तर ओढूनताणून यमक नकोच. "राम राम! रुसवा काढायला बसतोच, आधी एवढं सांगा" या गद्य ओळीतही त्यांचा शब्द झेललेला आहे, तेवढं पुरतं.