मेसेज कोणी उडवला ते ४८ तासांतच बघ
नवीन अ‍ॅडमिन झालायस ना, मग टेलिग्रामवर ग्रुपच्या नावावर टॅप करून एडिटमध्ये Recent Actions उघडून बघ, डिलीट झालेला मेसेज आणि तो कोणी काढला दोन्ही तिथे दिसतं, हे फक्त अ‍ॅडमिननाच दिसतं. पण लॉग ४८ तासांचाच असतो, म्हणजे शनिवारी रात्री ९ ला उडालेल्या मेसेजची तक्रार सोमवारी रात्री १० ला आली तर नोंद गेलेली असणार. म्हणून तक्रार आली की आधी स्क्रीनशॉट काढ, चर्चा नंतर. मोठ्या ग्रुपात नोंदी खूप असतात, फिल्टरमध्ये फक्त डिलीट झालेले मेसेज ठेव, हवं तर एकच अ‍ॅडमिन निवड. आणि काढणारा म्हणून टेलिग्रामचा अँटी-स्पॅम दिसला तर उगाच कुठल्या अ‍ॅडमिनवर संशय घेऊ नकोस.