गोपुर बाजूला ठेव, विमानाकडे बघ

चि.,
अनेक आशीर्वाद.

उत्तर आणि दक्षिण भारतातल्या देवळांची बाह्यरेषा, अलंकरण आणि बांधकाम यांची तुलना करणारं तुझं सरावाचं उत्तर वाचलं. ‘उत्तरेचं शिखर वक्र असतं, तर दक्षिणेचं गोपुर पिरॅमिडसारखं असतं’ हे पहिलंच वाक्य, आणि मी तिथेच अडलो. अक्षर नेटकं आहे, रकाने सरळ आखले आहेत, अभ्यासही झालेला दिसतो. पण तू कशाची तुलना कशाशी करतोयस? उत्तरेचं शिखर गर्भगृहाच्या डोक्यावर उभं असतं आणि गोपुर प्रवेशद्वाराच्या. गर्भगृहावरच्याची तुलना गर्भगृहावरच्याशीच करायची. दक्षिणेत गर्भगृहावर असतं ते विमान. तुझ्या दोन पानांत हा शब्द एकदाही आलेला नाही.

तू म्हणशील, दक्षिणेत नजरेत भरतं ते गोपुरच. भरतं, कबूल. पण नेहमीच तसं नव्हतं. तंजावरला राजराज चोळाने बांधलेलं बृहदीश्वर १०१० साली पूर्ण झालं. तिथलं विमान साठ मीटरहून उंच आहे आणि दारावरची गोपुरं त्याच्यापुढे बुटकी वाटतात. पुढच्या शतकांत जुन्या गर्भगृहाला हात न लावता भोवती एकेक प्राकार, म्हणजे आवाराची भिंत, वाढत गेला आणि प्रत्येक नव्या वेशीचं गोपुर आधीच्यापेक्षा उंच होत गेलं. श्रीरंगमचं राजगोपुर तर १९८७ मध्ये पुरं झालं. हे सगळं शेवटी दोन ओळींत लिही. गोपुरावर बेतलेल्या उत्तरांना मी निम्म्याहून जास्त गुण देत नाही. बरोबरचे परीक्षक मला खडूस म्हणायचे. म्हणोत. ज्याला इमारतीचा कोणता भाग समोर आहे हेच ठाऊक नाही, त्याला बाह्यरेषेबद्दल गुण कशाचे द्यायचे? हळहळ एवढीच वाटते की यात बरेचदा वर्गातली हुशार मुलंच सापडली.

आता जोडी निवड. तंजावरच्या समोर खजुराहोचं कंदारिया महादेव ठेव. तेही अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, तेही शंकराचं, तेही दगडी. काळ आणि देव सारखे असले की जो फरक उरतो तो शैलीचा, हे परीक्षकाला न सांगता कळतं.

बाह्यरेषेपासून सुरू कर. कंदारियाचं शिखर सुमारे तीस मीटर उंच. त्याची कड खाली जवळजवळ उभी निघते आणि वर जाता जाता आत झुकत जाते. वर मान, मानेवर खाचा पाडलेल्या चपट्या चक्रासारखा आमलक आणि त्यावर कलश. तंजावरला कड अशी वळत नाही, पायऱ्यांनी आत सरकते. खालचा मजला, त्यावर थोडा लहान, त्यावर आणखी लहान, असे तेरा तल. त्यांवर गळा, गळ्यावर अष्टकोनी घुमटी आणि वर कळसासारखी स्तूपी. दक्षिणेच्या परिभाषेत शिखर म्हणजे फक्त ही घुमटी. उत्तरात एकदा तसं नोंदव, म्हणजे घोळ होणार नाही.

पण ‘उत्तरेत मजले नसतात’ असं लिहून मोकळा होऊ नकोस. असतात. भुवनेश्वरच्या लिंगराजाच्या शिखराचा कोपरा जवळून बघ. ठरावीक अंतरावर एकेक छोटा आमलक दाबून बसवलेला दिसेल. तो प्रत्येक आमलक म्हणजे एक भूमी, एक मजला. फक्त मधले उभे पट्टे इतके जोरकस आहेत की नजर थेट वर सरकते आणि मजले लक्षात येत नाहीत. तंजावरला उलट. तिथे प्रत्येक तलाचा कपोत, म्हणजे पुढे आलेली वळचण, आडवी रेघ ओढते आणि नजर पायरी पायरीने चढते.

अलंकरणाच्या रकान्यात तू ‘उत्तरेत मूर्ती, दक्षिणेतही मूर्ती, पण जास्त’ असं लिहिलंयस. हे वाचून खरं सांगतो, राग आला. मूर्ती मोजू नकोस, देवळावर देऊळ कसं रचलंय ते बघ. कंदारियावर मूळ शिखराला टेकून त्याच्याच घाटाची लहान शिखरं उभी आहेत. त्यांची संख्या ८४ सांगतात. बाजूंना अर्धवट बाहेर आलेली ती उरःशृंगं आणि कोपऱ्यांवरची ती शृंगं. म्हणजे इथला मुख्य अलंकार शिखर स्वतःच आहे. तंजावरला प्रत्येक तलाच्या कठड्यावर चिमुकल्या देवळांची माळ आहे. कोपऱ्यावर चौकोनी कूट, मध्ये लांबट, अर्धनळीसारख्या छपराची शाला आणि त्यांच्या दरम्यान अरुंद पंजर. दोन्हीकडे कल्पना एकच, मोठ्या देवळाच्या अंगावर छोटी देवळं. उत्तरेने ती उभी रचली, दक्षिणेने आडवी. तुलनेत साम्यही लागतं हे कुणी सांगत नाही. तुझ्या उत्तरात ते या जागी येऊ दे.

बांधकामाला तू दीड ओळ दिलीस, आणि त्यातही ‘दक्षिणेत विटा आणि चुना’. पुन्हा गोपुर! दगडी जोत्यावर विटा, चुना आणि गिलाव्याच्या मूर्ती ही बहुतेक मोठ्या गोपुरांची पद्धत. गर्भगृहावरच्याची तुलना गर्भगृहावरच्याशीच! तंजावरचं विमान ग्रॅनाइटचं आहे, आणि कावेरीच्या त्या गाळाच्या सपाटीवर तो दगड मिळत नाही, लांबून आणावा लागला. कंदारिया वालुकाश्माचं. वालुकाश्म छिन्नीला सहज वश होतो, ग्रॅनाइट होत नाही. दोन्हीकडच्या कोरीवकामात जो फरक दिसतो त्याला हेही एक कारण आहे.

रचनेचं तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच. खरी कमान नाही. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवायचा आणि त्याची मागची बाजू वरच्या थराच्या वजनाने दाबून धरायची. फरक आहे तो किती सरकवायचं यात. नागर, म्हणजे उत्तरेच्या, शिखरात हे सरकणं थरागणिक वाढत जातं, म्हणून कड वळते. द्राविड, म्हणजे दक्षिणेच्या, विमानात तलाची भिंत सरळ उभी राहते आणि तल संपला की एकदम मागे सरते. तंजावरला गर्भगृहाभोवती दोन जाड भिंती आहेत आणि त्यांच्यामध्ये प्रदक्षिणेचा मार्ग. खालच्या मार्गात चोळकालीन चित्रं आहेत, वरच्यात शिवाच्या नृत्याची करणं, म्हणजे नृत्यातल्या ठरावीक अंगस्थिती. १०८ पैकी ८१ कोरून झाली, बाकीचे दगड कोरेच राहिले. या दोन्ही भिंती वर थर सरकवत एकमेकींना मिळतात आणि त्यांच्यावर आतून पोकळ विमान उभं राहतं. एवढं जरी लिहिलंस तरी बांधकामाचे गुण तुझे.

आणि ती ‘ऐंशी टनांची अखंड शिळा’ काढून टाक. घुमटीत अनेक दगडांचे सांधे अभ्यासकांनी पाहिले आहेत. ‘विमानाची सावली पडत नाही’ हेही काढ.

शेवटी एक मर्यादा लिही. उत्तर आणि दक्षिण ही नावं नकाशावर काटेकोर बसत नाहीत. कर्नाटकातल्या पट्टदकलला आठव्या शतकातलं द्राविड विरूपाक्ष आणि नागर शिखराचं गळगनाथ एकाच आवारात आहेत. वेरूळचं कैलास महाराष्ट्रात असून द्राविड आहे, आणि तेही रचलेलं नाही, कातळ वरून खाली खोदत काढलेलं. म्हणून बांधकामाच्या रकान्यात त्याचं उदाहरण घेऊ नकोस, बाह्यरेषेसाठी चालेल.

नवं उत्तर रविवारपर्यंत पाठव. आकृत्या दोनच, शेजारी शेजारी, पेन्सिलीने. दोन्हींच्या तळाशी ‘गर्भगृह’ असं लिहून बाण दाखव. तो बाण दिसला नाही तर मी पुढचं वाचणार नाही.

तुझा,
सर