तीन कारखाने, एक गोदाम : सदोष नगाच्या संभाव्यतेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एका गोदामात तीन कारखान्यांचा माल येतो. अ कडून ५० टक्के, ब कडून ३० टक्के आणि क कडून २० टक्के. सदोष नगांचं प्रमाण अनुक्रमे २, ३ आणि ६ टक्के आहे. मी तिन्ही दरांची सरासरी काढली, ती ३.६७ टक्के आली. पुस्तकातलं उत्तर ३.१ टक्के आहे. चूक कुठे झाली?

सरासरी काढताना तुम्ही तिन्ही कारखान्यांना सारखं वजन दिलंत. माल मात्र सारखा येत नाही. गोदामात १०,००० नग आहेत असं धरा. त्यातले ५,००० अ चे, ३,००० ब चे आणि २,००० क चे. अ च्या नगांत २ टक्क्यांनी १०० सदोष, ब च्या नगांत ३ टक्क्यांनी ९० सदोष आणि क च्या नगांत ६ टक्क्यांनी १२० सदोष. बेरीज ३१०. म्हणजे डोळे मिटून उचललेला नग सदोष असण्याची संभाव्यता ३१० भागिले १०,०००, अर्थात ०.०३१.

एकूण संभाव्यतेचा नियम हेच चिन्हांत मांडतो. ‘नग सदोष निघणे’ या घटनेला द म्हटलं, तर

P(द) = P(अ)·P(द|अ) + P(ब)·P(द|ब) + P(क)·P(द|क)
= ०.५ × ०.०२ + ०.३ × ०.०३ + ०.२ × ०.०६ = ०.०३१

प्रत्येक पदात दोन गोष्टींचा गुणाकार आहे: नग त्या कारखान्यातून येण्याची संभाव्यता, आणि तिथून आला हे धरून तो सदोष असण्याची संभाव्यता. सदोष नग तिन्हींपैकी नेमक्या एकाच वाटेने आलेला असतो, म्हणून तिन्ही गुणाकारांची बेरीज करता येते. साधी सरासरी बरोबर यायची हमी दोनच ठिकाणी असते: तिन्हींचा हिस्सा सारखा असेल तर, किंवा तिन्हींचा दोषदर सारखा असेल तर.

उत्तर तपासायची एक सोपी खूण आहे. ते सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त दराच्या मध्येच यायला हवं, इथे २ आणि ६ च्या मध्ये. ११ टक्के आलं, तर हिश्शांनी गुणायचं राहून नुसते दर मिळवले गेले आहेत हे लगेच कळतं.

प्रश्न : याच गोदामातून उचललेला नग सदोष निघाला. मग तो क मधून आला असण्याची संभाव्यता ६ टक्के म्हणायची ना?

नाही. ६ टक्के हा आकडा क चे सगळे नग समोर ठेवून काढलेला आहे. आता तुमच्यासमोर फक्त सदोष नग आहेत, वरच्या हिशेबातले ३१०. त्यांपैकी १२० क चे, म्हणून उत्तर १२० भागिले ३१०, सुमारे ३८.७ टक्के. हेच बेजचं प्रमेय, आणि त्याचा छेद म्हणजे आपण आधी काढलेली एकूण संभाव्यता. ती चुकली की हेही उत्तर चुकतं.

नग तपासण्याआधी तो क चा असण्याची संभाव्यता २० टक्के होती, दोष दिसल्यावर ती जवळपास दुप्पट झाली. तरीही ६१ टक्क्यांहून जास्त वेळा सदोष नग क चा नसतोच. ‘सर्वांत वाईट कारखाना’ आणि ‘या नगाचा कारखाना’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

प्रश्न : आमच्या तिन्ही कारखान्यांचा दोषदर या महिन्यात खाली आला, पण गोदामातला एकूण दोषदर ३.१ वरून ३.५५ टक्क्यांवर गेला. तपासणी विभाग म्हणतो आकडे बरोबर आहेत. हे शक्य तरी आहे का?

शक्य आहे, आणि त्यात कोणाचाही आकडा खोटा असण्याची गरज नाही. तुम्ही हिस्से कळवलेले नाहीत, पण सगळ्यांत आधी तेच मागवून घ्या. मी एक जुळणारं उदाहरण मांडून दाखवतो.

मागच्या महिन्यात वरचेच आकडे होते असं धरू: हिस्से ५०, ३०, २० आणि दर २, ३, ६. या महिन्यात दर १.८, २.७ आणि ५.५ झाले. तिन्ही ठिकाणी खरी सुधारणा. पण दरम्यान अ चं उत्पादन कमी पडलं, ती मागणी क ने भरून काढली आणि हिस्से ३०, ३०, ४० झाले. आता नियमात आकडे घाला: ०.३ × १.८ म्हणजे ०.५४, ०.३ × २.७ म्हणजे ०.८१ आणि ०.४ × ५.५ म्हणजे २.२०. बेरीज ३.५५ टक्के. प्रत्येक कारखाना सुधारला, तरी एकूण दर चढला, कारण सगळ्यांत जास्त दोष असलेल्या कारखान्याचा माल दुप्पट झाला.

एकूण दर दोन गोष्टींवर उभा असतो, दर आणि हिस्से. महिन्याच्या अहवालात बहुतेक वेळा दरांचाच तक्ता असतो आणि हिस्से कुठेतरी रवानगीच्या कागदांत पडून राहतात. तिथेच घोळ होतो.

दोन्हींचा परिणाम वेगळा करून पाहता येतो. आधी दर जुनेच ठेवा आणि फक्त हिस्से बदला: ०.६ + ०.९ + २.४ = ३.९ टक्के. म्हणजे मालाची मिसळण बदलल्याने दर ३.१ वरून ३.९ वर गेला असता. मग नवे दर घाला, तो ३.५५ वर येतो. मिसळणीने ०.८ ची भर घातली आणि सुधारणेने ०.३५ ची घट केली.

हीच मांडणी उलट्या क्रमाने केली, तर आकडे थोडे बदलतात. हिस्से जुने ठेवून नवे दर घातले की ०.९ + ०.८१ + १.१ = २.८१ टक्के येतात, म्हणजे सुधारणेची घट ०.२९ आणि नंतर मिसळणीची भर ०.७४. दोन्ही मांडण्या बरोबर आहेत. दर आणि हिस्से एकाच वेळी बदलले, की त्यांचा एकत्रित परिणाम कोणत्या बाजूला घालायचा हे ठरवावं लागतं. म्हणून क्रम एकदा ठरवा आणि दर महिन्याला तोच पाळा.

माझा आग्रह २.८१ या आकड्यासाठी आहे. ‘मागच्या महिन्याइतकेच हिस्से असते, तर दर किती आला असता’ हे तो सांगतो, आणि कारखान्यांच्या कामाची दोन महिन्यांची तुलना करायची तर तोच वापरायला हवा. गिऱ्हाइकाला मिळालेला माल मात्र ३.५५ टक्के सदोषच आहे. तो आकडा लपवून २.८१ पुढे करणं मला मान्य नाही, दोन्ही शेजारी शेजारी छापा.

प्रश्न : गोदामातून दोन नग घेतले, तर दोन्ही सदोष असण्याची संभाव्यता ०.०३१ चा वर्ग का घेऊ नये? वर्गात यावर वाद झाला.

वाद योग्यच आहे, कारण दोन नग कसे उचलले यावर उत्तर अवलंबून आहे. हिस्से ५०, ३०, २० आणि दर २, ३, ६ हेच धरू.

गोदामातला माल पूर्ण मिसळलेला आहे आणि दोन्ही नग स्वतंत्रपणे उचलले, तर वर्ग घ्यायला हरकत नाही. ०.०३१ × ०.०३१ = ०.०००९६१. गोदाम मोठं असल्याने पहिला नग काढून घेतल्याने पडणारा फरक सोडून देता येतो.

पण माल खोक्यांत असेल, प्रत्येक खोकं एकाच कारखान्याचं असेल आणि दोन्ही नग एकाच खोक्यातून काढले असतील, तर वर्ग चुकतो. तेव्हा ‘दोन्ही सदोष’ ही घटना धरून नियम पहिल्यापासून लावायचा. कारखाना ठरल्यावर दोन नग एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तर प्रत्येक दराचा वर्ग करून हिश्शाने गुणायचं: ०.५ × ०.०००४ + ०.३ × ०.०००९ + ०.२ × ०.००३६ = ०.००११९. आधीच्या उत्तरापेक्षा हे जवळपास २४ टक्क्यांनी मोठं आहे.

वाढ कुठून आली? पहिला नग सदोष निघाला, की खोकं क चं असण्याचा संशय बळावतो आणि दुसराही सदोष असण्याची शक्यता वाढते. ०.००११९ ला ०.०३१ ने भागा, सुमारे ३.८४ टक्के येतात. कारखाना माहीत असेल तर नग स्वतंत्र, माहीत नसेल तर नाहीत. आधी सरासरी काढून मग वर्ग करणं आणि आधी वर्ग करून मग सरासरी काढणं, या दोन्हींतला फरक हा दरांचं प्रचरणच असतो, इथे ०.०००२२९. तिन्ही दर सारखे असते, तर तो शून्य झाला असता. वर्गातल्या दोन्ही गटांना आधी एवढंच विचारा, की नग एकाच खोक्यातून काढले होते का.

प्रश्न : आमच्याकडे अ ५० टक्के, ब ३० टक्के, क १५ टक्के आणि ५ टक्के नगांवर शिक्काच नाही. दर २, ३, ६ हेच. त्या ५ टक्क्यांचं काय करू? सोडून देऊ का?

सोडून देऊ नका. नियमाची अटच अशी आहे की गट एकमेकांत मिसळलेले नसावेत आणि सगळे मिळून पूर्ण माल व्यापला जावा. तुमचे तीन गट ९५ टक्केच व्यापतात. त्यांची बेरीज ०.०१० + ०.००९ + ०.००९ = ०.०२८ येते, पण ती अपुरी आहे. ‘शिक्का नसलेले’ हा चौथा गट धरा.

त्या गटाविषयी काहीच माहीत नसेल, तर त्यातला एकही नग सदोष नसेल किंवा सगळेच असतील. म्हणून एकूण दर २.८ ते ७.८ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. हे नग याच तीन कारखान्यांचे आहेत अशी खात्री असेल, आणि शिक्का पुसला जाण्याचा दोषाशी काही संबंध नसेल, तर चौथ्या गटाचा दर २ ते ६ टक्क्यांतच असणार. मग एकूण दर २.९ ते ३.१ टक्के, बराच आटोपशीर पल्ला.

नेहमीची चूक म्हणजे ०.०२८ ला ०.९५ ने भागून २.९५ टक्के लिहून मोकळं होणं. त्यात एक गृहीत दडलेलं आहे: शिक्का नसलेले नग बाकीच्यांसारखेच आहेत. पृष्ठभाग खराब असल्यामुळेच शिक्का उमटला नसेल, तर हे गृहीत कोसळतं, आणि २.९ ते ३.१ हा पल्लाही टिकत नाही, कारण सदोष नगच त्या गटात गोळा झालेले असतात. तेव्हा अ, ब, क चे दर कसे मोजले हेही पाहावं लागतं: ते शिक्का असलेल्या नगांवरून मोजले, की कारखान्यातून निघालेल्या सगळ्या नगांवरून. यातून कागदावर मार्ग निघत नाही. शिक्का नसलेल्या ढिगातून यादृच्छिक पद्धतीने काही नग काढून तपासा आणि जो दर मिळेल तो ०.०५ ने गुणून चौथं पद म्हणून मिळवा.