उद्यम सर्टिफिकेटला फी लागते का?

प्रश्न: उद्यम रजिस्ट्रेशनच्या साईटवर फॉर्म भरला तर २,४९९ रुपये मागतायत, ही सरकारी फी आहे का?

नाही, एक रुपयाही भरू नका. उद्यम म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, ती पूर्ण फुकट आहे आणि सरकारी साईट एकच, udyamregistration.gov.in. गुगलवर टाकलं की वर जाहिरातीत .org, .co.in वाल्या येतात, तिरंगा, अशोकस्तंभासारखं चित्र, सगळं सेम टू सेम, पण पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आम्ही खाजगी कन्सल्टन्सी आहोत.

ओळखायची खूण म्हणजे खऱ्या साईटवर आधार नंबर टाकला की आधारला लिंक असलेल्या मोबाईलवर लगेच ओटीपी येतो आणि पेमेंटचं पानच येत नाही. ह्या लोकांकडे आधी फॉर्म, मग पैसे, आणि नंतर फोन येतो की ओटीपी सांगा, कारण ते तुमचीच माहिती सरकारी साईटवर टाकत बसलेले असतात. म्हणजे सर्टिफिकेट बऱ्याचदा खरंच मिळतं, म्हणून कोणाला संशय येत नाही, पण आधार-पॅन परक्याच्या हातात गेलेलं असतं!

आणि हो, वर्षभराने रिन्यूअलचे पैसे मागितले तर तेही देऊ नका, उद्यमला रिन्यूअल नसतंच. आधीच पैसे गेले असतील तर बँकेला लगेच कळवा आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, म्हणजे १९३० ला फोन करा.